पाचवा माणूस आणि जमावाचा गुन्हा

ज्याच्या हातून गुन्हा घडला त्यालाच शिक्षा, हा फौजदारी कायद्याचा सर्वसाधारण नियम आहे. एकाने केलेल्या वाराबद्दल शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याला तुरुंगात धाडता येत नाही. या नियमाला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला सर्वांत दूरवर पोहोचणारा अपवाद म्हणजे बेकायदेशीर जमाव. असा जमाव ठरला आणि त्यातल्या एकाने खून केला, तर ज्याने मृताला बोटही लावलेले नाही असा माणूससुद्धा खुनी म्हणून जन्मठेपेवर जाऊ शकतो. 1860 च्या भारतीय दंड संहितेत ही तरतूद कलम 149 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम 190 म्हणून जवळपास त्याच शब्दांत आली आहे. गावातल्या बांधाच्या भांडणापासून अफवेवरून झालेल्या सामूहिक हत्येपर्यंत असंख्य खटल्यांचा निकाल याच एका कलमावर फिरतो.

नुसती गर्दी म्हणजे बेकायदेशीर जमाव नव्हे. शांततेने आणि शस्त्रांविना एकत्र जमणे हा संविधानाच्या कलम 19 ने दिलेला हक्क आहे. गर्दीचा बेकायदेशीर जमाव व्हायला दोन गोष्टी लागतात. माणसे किमान पाच हवीत आणि त्यांचे समान उद्दिष्ट कायद्याने सांगितलेल्या पाच प्रकारांपैकी एक हवे. न्याय संहितेच्या कलम 189 मध्ये हे प्रकार दिले आहेत. सरकारला, विधिमंडळाला किंवा कर्तव्य बजावणाऱ्या लोकसेवकाला बळाच्या जोरावर दडपणे, हा पहिला. कायद्याच्या अंमलबजावणीला विरोध करणे, उदाहरणार्थ जप्तीला आलेल्या बेलिफाला अडवणे, हा दुसरा. नासधूस, अतिक्रमण किंवा दुसरा कोणताही गुन्हा करणे, हा तिसरा. बळ वापरून मालमत्तेचा ताबा घेणे, कुणाची वहिवाटीची वाट किंवा पाणी बंद करणे, किंवा आपला हक्क बजावणे, हा चौथा. आणि एखाद्याला जे करायला तो बांधील नाही ते बळजबरीने करायला लावणे किंवा जे करण्याचा त्याला हक्क आहे ते करू न देणे, हा पाचवा.

यातला चौथा प्रकार खेड्यापाड्यांत नीट समजून घेण्यासारखा आहे. ‘जमीन आमचीच आहे, आम्ही आमच्या शेतात गेलो’ हा बचाव सर्रास केला जातो. पण कायद्याला इथे हक्क खरा की खोटा याच्याशी कर्तव्य नाही. सातबारा आपल्या नावावर असला, तरी दुसऱ्याच्या प्रत्यक्ष ताब्यातली जमीन पाच माणसे घेऊन दमदाटीने सोडवायला जाणे हा बेकायदेशीर जमावच ठरतो. त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. उलट, जो ताब्यात आहे आणि चालून आलेल्यांपासून आपला ताबा राखतो आहे, त्याला खासगी बचावाचा हक्क आहे. त्या हक्काच्या मर्यादेत तो आणि त्याच्या घरची माणसे एकत्र उभी राहिली, तर त्यांचा जमाव बेकायदेशीर ठरत नाही.

जमाव जमला तेव्हा कायदेशीर होता म्हणून तो शेवटपर्यंत तसाच राहतो असेही नाही. अंत्ययात्रा, मिरवणूक, आठवडी बाजार, ग्रामसभा यांपैकी कुठलीही गर्दी मध्येच बेकायदेशीर होऊ शकते, आणि हे कायद्याने स्पष्टीकरण जोडून सांगितले आहे. आधी बैठक घेऊन कट शिजवण्याची गरज नाही. उद्दिष्ट जागच्या जागी, काही क्षणांत तयार होऊ शकते. मात्र तसे झाले की आधीपासून तिथे असलेला प्रत्येकजण आपोआप सदस्य होत नाही. जमाव कशामुळे बेकायदेशीर झाला हे ज्याला कळले आहे आणि तरीही जो जाणूनबुजून त्यात सामील झाला किंवा थांबून राहिला, तोच सदस्य. जमावबंदीचा आदेश मोडणे ही यापेक्षा वेगळी गोष्ट आहे. तो आदेश प्रशासनाने शांतता राखण्यासाठी आगाऊ काढलेला असतो आणि तो मोडण्याचा गुन्हाही निराळा आहे. आदेश लागू नसतानाही जमाव बेकायदेशीर असू शकतो, आणि आदेश मोडून जमलेल्या सगळ्यांचे उद्दिष्ट वरच्या पाचांपैकी असेलच असे नाही.

बेकायदेशीर जमावाचे नुसते सदस्य असण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. जवळ प्राणघातक हत्यार असेल, किंवा पांगण्याचा हुकूम मिळाल्यावरही कुणी थांबला असेल, तर ती दोन वर्षांपर्यंत जाते. जमावाने किंवा त्यातल्या एकानेही समान उद्दिष्टासाठी बळ वा हिंसा वापरली की तोच जमाव दंगा करणारा ठरतो. एकाने पहिला दगड भिरकावला तरी दंग्याचा गुन्हा प्रत्येक सदस्यावर लागतो. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. हत्यारासह दंगा करणाऱ्याला जुन्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती, नव्या कायद्यात ती पाच वर्षांपर्यंत आहे.

खरा भार पडतो तो यापुढच्या पायरीवर, कलम 190 वर. हे कलम एका वाक्याचे आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग सांगतो की समान उद्दिष्ट तडीला नेताना जमावातल्या कुणीही गुन्हा केला, तर तो गुन्हा घडतेवेळी सदस्य असलेला प्रत्येकजण त्या गुन्ह्याचा दोषी. दुसरा भाग याच्याही पलीकडे जातो. घडलेला गुन्हा मूळ उद्दिष्टात नसेल, पण ते उद्दिष्ट तडीला नेताना असे काही घडण्याची शक्यता आहे हे सदस्यांना माहीत असेल, तरीही ते दोषी. शिक्षा त्या गुन्ह्याला असेल तीच. जमावातल्या एकाने खून केला असेल, तर सर्वांना खुनाची.

या दोन भागांची हद्द कुठे आखायची हा प्रश्न फार जुना आहे. 1873 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयापुढे साबिद अली खटल्यात तो आला. काही माणसे जमिनीचा बळाने ताबा घ्यायला गेली होती. झटापटीत त्यांच्यातल्या एकाने बंदूक झाडली आणि समोरचा माणूस मेला. उरलेले सगळे खुनी ठरतात का? न्यायालयाने नाही असे उत्तर दिले. गुन्हा समान उद्दिष्टाशी थेट जोडलेला असला पाहिजे. जमावात असताना कुणी काहीही केले, तर त्याचे ओझे सगळ्यांवर टाकता येत नाही. ताबा घेण्याच्या उद्दिष्टात गोळी घालून मारणे आपोआप येत नाही, आणि तशी शक्यता बाकीच्यांना ठाऊक होती असेही त्या पुराव्यातून दिसत नव्हते.

सुमारे 85 वर्षांनी जवळपास तसाच प्रसंग सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि निकाल उलटा लागला. तो मिझाजी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य हा खटला. घटना 27 जुलै 1957 ची. वादातल्या एका शेताचा ताबा घ्यायला भल्या सकाळी पाचजण गेले. त्यांत बाप, त्याचा मुलगा, पुतण्या, चुलतभाऊ आणि घरचा गडी असे होते. बापाच्या हातात भाला होता. बाकी तिघांकडे लाठ्या होत्या. मुलाकडे पिस्तूल होते आणि ते त्याने धोतराच्या घडीत ठेवले होते. शेतात ज्वारी उभी होती. गडी त्यात नांगर घालू लागला आणि बाकीचे राखण करत थांबले. विरुद्ध बाजूची माणसे येऊन हरकत घेऊ लागली, तेव्हा पाचही जण एकत्र झाले आणि गड्याने नांगर सोडून लाठी उचलली. शिवीगाळ झाली. बापाने मुलाला गोळी घालायला सांगितले, मुलाने पिस्तूल काढून गोळी झाडली आणि समोरचा एकजण काही वेळातच मेला.

बचाव सरळ होता. पाचही जण गेले होते ते शेत ताब्यात घ्यायला. खून हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते. गोळी एकाने झाडली आणि दुसऱ्याने ती झाडायला सांगितली. मग लाठीवाल्या तिघांचा खुनाशी काय संबंध? सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. जमाव कुठपर्यंत जायला तयार होता हे त्याने बरोबर काय नेले त्यावरून कळते, असे न्यायालयाने पाहिले. भाला, पिस्तूल आणि लाठ्या घेऊन निघालेल्या माणसांना विरोध होणार हे अपेक्षित होते आणि तो मोडायला लागेल तेवढे बळ वापरायची त्यांची तयारी होती. एकाकडे पिस्तूल आहे हे बाकीच्यांना माहीत होते. तेव्हा मृत्यू हा त्या उद्दिष्टाशी थेट जोडलेला होता, आणि तो तसा नव्हता असे मानले तरी त्याची शक्यता पाचही जणांना ठाऊक होती. पाचही जण खुनाचे दोषी ठरले. मिझाजीची फाशी आणि उरलेल्या चौघांची जन्मठेप कायम राहिली.

दोन्ही खटल्यांत वाद जमिनीचा आणि मृत्यू गोळीचा. तरी निकाल वेगळे लागले, कारण फरक माहितीत होता. जमाव निघाला तेव्हा प्रत्येकाला काय ठाऊक होते, हा कलम 190 चा खरा प्रश्न आहे. माणसाच्या मनात डोकावता येत नाही, म्हणून न्यायालय बाहेरच्या खुणांवरून ते ताडते. कोण कुठली हत्यारे घेऊन आला, सगळे एकत्र आले की वेगवेगळ्या वाटांनी, कोण काय ओरडत होता, पहिला वार झाल्यावर बाकीच्यांनी काय केले, जखमा किती आणि कुठे झाल्या, आणि शेवटी सगळे एकत्र पळाले का, हे पाहिले जाते. चार-दोन चापट्या मारायला निघालेल्या जमावातल्या एकाने लपवून आणलेला चाकू काढला आणि त्याची कुणालाच कल्पना नव्हती, तर उरलेले दंगा आणि मारहाणीचे दोषी होतील, पण खुनाचे होतीलच असे नाही. चाकू निघाल्यावरही कुणी माणसाला धरून ठेवले असेल, तर मात्र त्याच्यापुरते चित्र बदलते.

दुसरा अवघड प्रश्न बघ्यांचा. आपल्याकडे भांडण लागले की निम्मा गाव गोळा होतो. कुणी सोडवायला येतो, कुणी पाहायला, कुणी आपल्या पोराला घरी न्यायला. 1956 च्या बालादिन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केवळ हजेरीवरून कुणी सदस्य ठरत नाही. उद्दिष्टात सहभागी असल्याचे काहीतरी दिसले पाहिजे. याचा अर्थ काहींनी असा लावला की प्रत्येक आरोपीचा स्वतंत्र वार सिद्ध झालाच पाहिजे. 1964 मध्ये मसालती खटल्यात न्यायालयाने तो समज दूर केला. उत्तर प्रदेशातल्या एका गावात दोन गटांच्या वैरातून एका बाजूच्या पाचजणांची हत्या झाली होती आणि आरोपींची संख्या मोठी होती. न्यायालयाने म्हटले की प्रत्येकाचे वेगळे कृत्य सिद्ध करावे लागले असते, तर हे कलमच निरर्थक झाले असते. सदस्यत्व आणि समान उद्दिष्ट सिद्ध झाले की हात चालला की नाही हा प्रश्न उरत नाही. बालादिनमधले विधान बघ्यांपुरते आहे.

पण याच निकालाने धोक्याकडेही बोट दाखवले. वैर असलेल्या गावात फिर्याद देताना विरुद्ध गटाच्या घरातली सगळी पुरुषमाणसे गोवण्याचा मोह होतो. प्रत्यक्ष हल्ला करणाऱ्या सहाजणांच्या जोडीला घरी असलेल्या वीसजणांची नावे जातात, आणि कलम इतके रुंद असल्यामुळे त्या विसांवरही खुनाचे दोषारोप लागतात. म्हणून मसालती खटल्यात न्यायालयाने एक व्यवहारी कसोटी मान्य केली. आरोपी आणि मृत दोन्ही मोठ्या संख्येने असतील, तेव्हा एखाद्या आरोपीबद्दल किमान दोन-तीन साक्षीदारांनी सुसंगत हकीकत सांगितली असेल तरच त्याला दोषी धरावे. पुराव्याच्या कायद्यात साक्षीदारांची संख्या ठरलेली नाही आणि ही कसोटीही प्रत्येक खटल्याला बांधणारा नियम नाही. तरी जमावाच्या खटल्यांत न्यायाधीश आजही तिच्याकडे वळतात. ‘सर्वांनी मिळून मारले’ अशी मोघम साक्ष, घटनेनंतर बऱ्याच दिवसांनी फिर्यादीत वाढलेली नावे, अनोळखी आरोपींची ओळख परेड न घेता त्यांना थेट न्यायालयात ओळखणे, या गोष्टी दिसल्या की सरकार पक्षाची बाजू त्या आरोपीपुरती ढिली पडते.

संख्येचा मुद्दाही खटला फिरवू शकतो. दोषारोपात नेमके पाचच जण असतील आणि त्यातले दोघे सुटले, तर उरतात तिघे, आणि तिघांचा बेकायदेशीर जमाव होत नाही. अशा वेळी कलम 190 आधाराला राहत नाही. सुटलेल्यांखेरीज आणखी ओळख न पटलेले लोक जमावात होते असा आरोप आणि पुरावा असेल, तर मात्र संख्या पाचाची राहते आणि कलमही टिकते. संख्या कमी पडली म्हणून उरलेले सुटतातच असे नाही. त्यांच्याविरुद्ध समान इराद्याचे तत्त्व वापरता येते. जुन्या कायद्यात ते कलम 34 मध्ये होते, नव्यात कलम 3 च्या पाचव्या पोटकलमात आहे. त्याला दोन माणसे पुरतात, पण सिद्ध करायचे असते ते अधिक अवघड. तिथे सर्वांच्या मनांचा आधी मेळ बसलेला असावा लागतो आणि प्रत्येकाचा काही ना काही सहभाग लागतो. बेकायदेशीर जमावात सदस्यत्व आणि जाणीव पुरते.

अफवेवरून किंवा द्वेषातून जमाव माणसे ठार मारतो, तेव्हा याच कायद्याची सर्वांत कठीण परीक्षा होते. 1 जुलै 2018 रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा इथे ती झाली. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षुकीसाठी आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाचजण मुले पळवणारे आहेत असा संशय पसरला. तशा अफवा मोबाइलवरून आधीच फिरत होत्या. जमावाने त्यांना मारत नेऊन ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि तिथे मरेपर्यंत मारले. बाजारातली गर्दी सकाळी पूर्णपणे कायदेशीर होती. मारहाण सुरू झाल्यावर तिच्यातून एक बेकायदेशीर जमाव वेगळा झाला. ज्यांनी मारले ते त्यात होते. ज्यांनी दार अडवून धरले, ज्यांनी काठी पुरवली, ज्यांनी ‘मारा’ म्हणून चिथावले तेही त्यात होते. पण बाजारात त्या वेळी असलेला प्रत्येकजण त्यात नव्हता. या दोन वर्तुळांमधली रेषा पुराव्याने आखणे हेच तपासाचे खरे काम असते.

त्याच महिन्यात, 17 जुलै 2018 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तहसीन पूनावाला खटल्यात जमावाकडून होणाऱ्या हत्यांबद्दल राज्यांना निर्देश दिले. प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाहून कमी नसलेल्या दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा, तपासावर त्याने जातीने लक्ष ठेवावे, खटले जलदगतीने आणि शक्यतो सहा महिन्यांत संपवावेत, पीडितांच्या कुटुंबांसाठी भरपाईची योजना असावी, असे त्यात होते. संसदेने या गुन्ह्यासाठी स्वतंत्र कायदा करण्याचा विचार करावा असेही न्यायालयाने सुचवले.

स्वतंत्र कायद्याऐवजी भारतीय न्याय संहितेत कलम 103 चे दुसरे पोटकलम आले. पाच किंवा अधिक जणांच्या गटाने संगनमताने वागून वंश, जात वा समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा अशा दुसऱ्या कारणावरून खून केला, तर गटातल्या प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप आणि दंड. अशाच गटाने जबर दुखापत केली, तर कलम 117 खाली सात वर्षांपर्यंत कैद. या तरतुदींचा फायदा म्हणजे सामूहिक हत्या हा प्रथमच वेगळा, स्वतःच्या ओळखीचा गुन्हा झाला. त्यांची मर्यादा कारणाच्या अटीत आहे. राईनपाड्यासारखी हत्या मुले पळवण्याच्या अफवेवरून झाली असेल, तर ते ‘अशा दुसऱ्या कारणात’ बसते का, यावर वाद होऊ शकतो. शिवाय नुसते एकत्र असणे इथे पुरत नाही, गटाचे संगनमत दाखवावे लागते. त्यामुळे कारण सिद्ध होत नाही तिथे सरकार पक्षाला पुन्हा साध्या खुनाच्या कलमाकडे आणि त्याच्या जोडीला कलम 190 कडेच यावे लागते.

राईनपाडा खटला जुन्या दंड संहितेखाली चालला. फेब्रुवारी 2024 मध्ये धुळ्याच्या सत्र न्यायालयाने सातजणांना जन्मठेप दिली. मारणाऱ्यांनी आणि पाहणाऱ्यांनी भरलेल्या बाजारातून अखेर सातजणांविरुद्धच पुरेसा पुरावा उभा राहिला. जमावातल्या प्रत्येकाला जबाबदार धरण्याएवढे कायद्याचे शब्द रुंद आहेत. पण त्या प्रत्येकापर्यंत पोहोचण्यासाठी न्यायालयाला एकेक नाव, एकेक चेहरा आणि त्याच्या जाणिवेचा पुरावा लागतो, आणि तो समोर उभे राहून पाहिलेल्यांच्या साक्षीतूनच येतो.